चकलीचा रंग आणि चित्राचं वचन

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन जणांनी मला फोन करून विचारलं, की तत्त्वज्ञानाचा मास्तर यूट्यूबच्या थंबनेलवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. मी आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलं, स्वयंपाकातलं मला चहापलीकडे फारसं येत नाही. पण आमच्या घरात गेली काही वर्षं एक पाककृतींचा चॅनेल चालतो. तो माझी पत्नी चालवते. ती शाळेत शिक्षिका होती, निवृत्तीनंतर तिनं हे सुरू केलं. स्वयंपाक तिचा, चित्रीकरण आमच्या भाचीचं आणि थंबनेल करण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात रिकामा मी एकटाच होतो.

थंबनेल म्हणजे शब्दशः अंगठ्याचं नख. व्हिडिओ उघडण्याआधी जे छोटं चित्र दिसतं, ते. फोनवर एकाखाली एक चित्रं सरकत असतात, बघणारीचं बोट चालू असतं, आणि त्या नखाएवढ्या चित्रावर ती ठरवते, की थांबायचं की पुढे जायचं. म्हणजे ते चित्र एक छोटं वचन आहे. आज मला एवढंच सांगायचं आहे, की पाककृतीच्या बाबतीत हे वचन इतर व्हिडिओंपेक्षा वेगळं असतं, आणि ते मोडलं तर काय होतं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. मी स्वतः ते मोडलं आहे, तिथूनच सुरुवात करतो.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. पत्नीनं तांदळाच्या पिठाच्या चकलीचा व्हिडिओ केला. भाजणीची चकली तुम्हाला माहीत आहे. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, धने-जिरे हे सगळं भाजायचं, गिरणीतून दळून आणायचं आणि मग चकल्या करायच्या. ज्यांना एवढा वेळ नाही, त्यांच्यासाठी तांदळाचं पीठ आणि थोडं डाळ्याचं पीठ घेऊन, लोण्याचं मोहन घालून, गरम पाण्यात उकड काढून केलेली ही चकली. चव उत्तम, खुसखुशीत होते. पण तिचा रंग फिकट सोनेरी असतो. भाजणीच्या चकलीला भाजलेल्या डाळींमुळे जो तांबूस-तपकिरी रंग येतो, तो हिला येत नाही, आणि यायलाही नको.

मी त्या फिकट चकलीचे फोटो काढले. ते मलाच फिके वाटले. फोनमध्ये आदल्या वर्षीच्या भाजणीच्या चकल्यांचा एक सुरेख फोटो होता. तांबूस रंग, वर तीळ, काटा असा की हात लावावासा वाटावा. मी तो घेतला, त्यावर लिहिलं ‘झटपट चकली’, आणि लावून दिला. मनात म्हटलं, यात खोटं काय आहे? चकलीच आहे, आमच्याच घरची आहे, तिनंच केलेली आहे.

व्हिडिओ चांगला चालला. नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त लोकांनी तो उघडला. मी खूश होतो. चार दिवसांनी खाली एका बाईंचा अभिप्राय आला. त्यांचं म्हणणं असं, की त्यांनी पहिल्यांदाच चकली केली. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे तेलातले बुडबुडे कमी झाले, पण चकली चित्रातल्यासारखी लाल दिसेना. त्यांना वाटलं अजून कच्ची आहे. म्हणून त्यांनी आणखी तळली, मग आच वाढवली. रंग आला, पण चकल्या दगडासारख्या कडक झाल्या आणि तिखट जळून कडवट लागायला लागल्या. सगळा घाणा फुकट गेला. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, की माझंच काहीतरी चुकलं असेल, कुठे चुकलं ते सांगाल का?

पत्नीनं ते मोठ्यानं वाचलं, मग थंबनेलकडे पाहिलं. तोपर्यंत तिनं ते नीट पाहिलंच नव्हतं. म्हणाली, “अहो, ही माझ्या भाजणीची चकली आहे. तुम्ही मुलांना नीतिशास्त्र शिकवत होतात ना?”

आता बघा, मी केलं ते नेमकं काय होतं? आपल्याकडे त्याला जुना शब्द आहे, ‘नरो वा कुंजरो वा’. धर्मराजानं उच्चारलेला शब्द खोटा नव्हता, पण ऐकणाऱ्या द्रोणाचार्यांच्या मनात जे उमटलं ते खोटं होतं, आणि ते तसं उमटावं हाच हेतू होता. माझ्या चित्रातही एकेक गोष्ट सुटी घेतली तर खरी होती. पण व्हिडिओच्या तोंडावर लावलेलं चित्र बघणारी सुटं घेत नाही. ती त्याचा अर्थ असा लावते, की या व्हिडिओत सांगितलेलं केलं, तर हे हाती येईल. हे वाक्य चित्रावर कुठेही लिहिलेलं नसतं, पण प्रत्येक पाककृतीच्या थंबनेलवर ते असतंच. आणि माझ्या चित्राबाबत ते वाक्य धडधडीत खोटं होतं.

इथे पाककृतीचं वेगळेपण येतं. सिनेमाचं पोस्टर फसवं निघालं तर दोन तास आणि तिकिटाचे पैसे जातात. पण पोस्टर बघून कोणी सिनेमा तयार करत नाही. पाककृतीचं चित्र बघणारी मात्र त्याचा मापासारखा वापर करते. कृतीत लिहिलेलं असतं ‘सोनेरी होईपर्यंत तळा’, ‘दाटसर होईपर्यंत आटवा’. आता सोनेरी म्हणजे किती, दाटसर म्हणजे किती? हे शब्दांत नीट सांगता येत नाही, म्हणून ती चित्राकडे बघते. तिच्या लेखी थंबनेल हे कृतीतलं शेवटचं वाक्य असतं, ‘असं दिसलं की उतरवा’. त्या बाईंनी नेमकं तेच केलं होतं. त्यांनी माझ्या पत्नीचं तोंडी सांगणं बाजूला ठेवलं आणि माझ्या चित्रावर विश्वास ठेवला. चित्र चुकीचं असेल तर पाठच चुकीचा होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

यावर तरुण मंडळी म्हणतात, सर, यूट्यूबचं यंत्र अशांना पकडतंच की. थोडं खरं आहे, म्हणून ते कसं चालतं ते सांगतो. चॅनेल चालवणाऱ्याला स्टुडिओ नावाच्या पानावर आकडे दिसतात. त्यातला एक म्हणजे चित्र किती वेळा नजरेसमोर आलं. निम्म्याहून अधिक चित्र एका सेकंदाहून जास्त काळ पडद्यावर राहिलं, तर ते एकदा धरलं जातं. मग शंभर वेळा दिसल्यावर कितींनी उघडलं, याची टक्केवारी. यूट्यूबनंच सांगितलेलं आहे, की निम्म्या चॅनेलांची ही टक्केवारी २ ते १० च्या दरम्यान असते. म्हणजे चार-पाच टक्क्यांवर कोणी रडत बसायचं कारण नाही. तिसरा आकडा म्हणजे पहिल्या ३० सेकंदांनंतर किती जण टिकले. चित्रानं एक सांगितलं आणि व्हिडिओनं दुसरंच दाखवलं, की लोक तिथेच निघून जातात आणि आलेखाची रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली येते. माझ्या चकलीला तसंच झालं होतं. भाजणीच्या आशेनं आलेल्या बायकांनी तांदळाचं पीठ पाहिलं आणि त्या गेल्या. मी उघडण्याची टक्केवारी बघून खूश होतो, ही रेघ मी पाहिलीच नव्हती.

यूट्यूबवर आता एका व्हिडिओला तीन थंबनेलं लावून तुलना करायचीही सोय आहे. यंत्र ती वेगवेगळ्या लोकांना दाखवतं आणि सरस कोणतं ते ठरवतं. गंमत अशी, की ते किती जणांनी उघडलं यावर ठरत नाही, पाहण्याच्या एकूण वेळात कोणाचा वाटा जास्त आला यावर ठरतं. हिशेबाला सोपं जावं म्हणून समजा, दोन चित्रं प्रत्येकी १०,००० वेळा दिसली. भपकेबाज चित्रामुळे ७०० जणांनी उघडलं, पण सरासरी दीड मिनिट पाहिलं, म्हणजे १,०५० मिनिटं झाली. साध्या चित्रामुळे ५०० जणांनीच उघडलं, पण सरासरी तीन मिनिटं पाहिलं, म्हणजे १,५०० मिनिटं. कमी लोक येऊनही साधं चित्र जिंकलं.

म्हणजे सत्यमेव जयते, असं म्हणून मोकळं व्हावं का? नाही. त्या बाईंचाच विचार करा. त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला होता. चकली लाल होईना म्हणून पुन्हा पुन्हा लावून पाहिला असणार. यंत्राच्या वहीत त्या आमच्या उत्तम प्रेक्षक ठरल्या. ज्यांचं सर्वांत जास्त नुकसान झालं, त्यांनीच आमचे आकडे सुधारले. डिसेंबर २०२४ मध्ये यूट्यूबनं भारतात जाहीर केलं, की शीर्षक किंवा थंबनेल जे वचन देतं ते व्हिडिओत नसेल तर कारवाई अधिक कडक करू. पण त्यांचा रोख मुख्यतः ताज्या बातम्या आणि चालू घडामोडींवर होता. चकलीच्या रंगाकडे कोण बघणार? ते आपणच बघायचं असतं.

मग आम्ही नवं थंबनेल केलं. पत्नीनं अट घातली, की फोटो त्याच कृतीच्या चकलीचा पाहिजे. व्हिडिओतल्या चकल्या संपलेल्या, म्हणून तिनं तेच माप घेऊन पुन्हा एक घाणा काढला. आता आमचा नियमच झाला आहे. चित्रीकरणाच्या दिवशी, पदार्थ कढईतून उतरला की वाढायच्या आधी दहा मिनिटं माझी. फोटो नंतर काढू म्हटलं की पदार्थ थंड होतो, रस्सा आळतो, कोथिंबीर मलूल होते, आणि मग माणूस जुना फोटो शोधायला लागतो. माझ्या चुकीचं मूळ तिथेच होतं.

पहिली अडचण फिकटपणाची. मी आधी चकल्या पांढऱ्या ताटलीत, ट्यूबलाइटखाली ठेवल्या होत्या. फिकट पदार्थ पांढऱ्यावर हरवतो, आणि ट्यूबलाइटमध्ये पिवळा रंग हिरवट, आजारी दिसतो. या वेळी ट्यूब बंद केली, चकली खिडकीशेजारी नेली आणि खाली लोखंडी तवा ठेवला. काळ्या तव्यावर तीच फिकट चकली सोन्यासारखी उठून दिसली. चकलीला काही केलं नाही, फक्त तिच्याखालचं बदललं. उजेड समोरून येऊ दिला नाही, बाजूनं येऊ दिला. समोरून किंवा फोनच्या फ्लॅशनं उजेड पडला की सगळं सपाट होतं. बाजूनं पडला की प्रत्येक काट्याची बारीक सावली पडते आणि काटा दिसतो. चकलीची ओळख काट्यात आहे, रंगात नाही, हे मला तेव्हा समजलं.

दुसरी गोष्ट, किती दाखवायचं. ताटभर चकल्या डोळ्यांना छान वाटतात, पण नखाएवढ्या चित्रात ती एक पिवळी सतरंजी होते. म्हणून एकच चकली जवळून, निम्मी चौकट भरेल एवढी घेतली. आणि तिच्या शेजारी एक तोडलेला तुकडा ठेवला, आतली पोकळ नळी दिसेल असा. हे पत्नीनं सुचवलं. ती म्हणाली, “चकली खुसखुशीत झाली की नाही ते रंगावर कळत नाही, तोडल्यावर कळतं. तेच दाखवा.” बघणारीला नेमकं हेच हवं असतं. आणि हाच पुरावा तिला तिच्या स्वयंपाकघरातही तपासता येतो, एक चकली तोडून बघायची. म्हणजे आकर्षक तेच, आणि उपयोगी माप तेच.

तिसरी गोष्ट, नंतर फोनमध्ये रंग सुधारणं. यावर कर्मठ होऊन चालत नाही, कारण कॅमेराही जसंच्या तसं टिपत नाही. आमची पद्धत साधी आहे. खरी चकली पडद्याशेजारी धरायची आणि चित्र तिच्यासारखं दिसेपर्यंत उजळवायचं. तिथे थांबायचं. रंग गडद करणारी ती पट्टी पुढे सरकवली की तांबूस-पिवळे रंग आधी भडकतात. फिकट चकली दोन बोटांच्या हालचालीनं भाजणीची होते, आणि मी पुन्हा होतो तिथे येतो.

चौथी गोष्ट, शब्द. चित्राचं माप साधारण १२८० बाय ७२० ठेवतात, पण फोनवरच्या यादीत ते दोन-तीन बोटांएवढं दिसतं. त्यात तीन-चार शब्दांपेक्षा जास्त वाचले जात नाहीत. देवनागरीची आणखी एक अडचण आहे. आपल्या अक्षरांना वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात. ‘खुसखुशीत’ हा शब्द घ्या, खाली दोन उकार, वर दीर्घ वेलांटी. दोन ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतात. म्हणून मुक्त किंवा बालू यांसारखा ठसठशीत टंक घ्यावा, ओळींमध्ये मोकळी जागा सोडावी, आणि अक्षरांभोवती जाड कड काढू नये, नाहीतर ‘श’ आणि ‘ण’ यांच्या आतल्या फटी बुजतात. उजवीकडचा खालचा कोपरा रिकामा ठेवावा. तिथे व्हिडिओची लांबी दाखवणारा काळा चौकोन येतो आणि तिथला शब्द झाकला जातो. सगळं झालं की फोन हातभर लांब धरून चित्र छोटं करून बघावं. मला चष्म्याशिवाय वाचता आलं, तर ते चालतं.

पण शब्द कोणते लिहायचे, हा खरा प्रश्न. ‘झटपट’ हा शब्द मी काढला. उकड, मळणं, सोऱ्यानं पाडणं, तळणं मिळून पत्नीला तासभर लागला होता, आणि तिचा हात सरावलेला. नवख्या बाईला दीड तास लागेल. ज्या वेळेत फक्त तळण होतं तेवढीच वेळ मोजून ‘१५ मिनिटांत’ लिहिणं, हेही नरो वा कुंजरो वाच. मग या चकलीचं खरं वैशिष्ट्य काय? भाजणी लागत नाही. गिरणीत जायला वेळ नसलेली बाई तेच शोधते आहे. म्हणून चित्रावर दोनच शब्द लिहिले, ‘भाजणीशिवाय चकली’. आणि शीर्षकात घातलं, की तांदळाच्या पिठाची, रंगानं फिकट पण खुसखुशीत. जी गोष्ट मी लपवत होतो, तीच आता ओळख झाली.

श्रोत्यांमधून एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे. फोटोपुरती वर कोथिंबीर पेरली, तुपाची धार सोडली, तर तेही खोटं का? चांगला प्रश्न आहे. मी स्वतःला एकच विचारतो. तिनं कृती जशीच्या तशी केली, तर हे तिच्या कढईत उतरेल का? कोथिंबीर व्हिडिओत शेवटी घातलेली असेल, तर चित्रात जरूर घाला. नसेल, तर आधी व्हिडिओत घाला, मग चित्रात. बाजूची शोभेची वाटी, कापड, फुलं यांना माझी हरकत नाही, कारण ते पदार्थाचं माप म्हणून कोणी घेत नाही. पण रंग, दाटपणा, आकार, किती फुगलं, किती तेल सुटलं, या गोष्टींना हात लावायचा नाही. बघणारी याच गोष्टींवरून आच कमी-जास्त करते.

नव्या थंबनेलचं काय झालं, हे विचारणार तुम्ही. जुन्याएवढ्या लोकांनी ते उघडलं नाही. आमच्या नेहमीच्या टक्केवारीपेक्षा थोडं वर, एवढंच. पण ज्या आल्या त्या टिकल्या, पहिल्या ३० सेकंदांतला तो कडा गेला. तरीही खोट्या चित्रानं जेवढी गर्दी आणली तेवढी खऱ्यानं आणली नाही, हे मी इथे लपवणार नाही. खरं बोलून नेहमी फायदाच होतो असं मी वर्गातही कधी शिकवलं नाही.

त्या बाईंना पत्नीनं उत्तर लिहिलं आणि ते अभिप्रायांत सर्वांत वर टाचून ठेवलं. त्यात तिनं लिहिलं, की तुमचं काही चुकलेलं नाही, चित्र आमचं चुकलं होतं. ही चकली फिकटच असते. बुडबुडे विरले की काढा, आणि एक तोडून बघा. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी त्या बाईंनी एक फोटो पाठवला. स्टीलच्या डब्यात फिकट चकल्या, आणि वर एक तोडलेली. एवढं बोलून थांबतो.